टीव्हीचा कोनाडा: गरम हवा कुठून जाईल आणि काचेचा उजेड कुठून येईल

प्रश्न: पिंपरीत नवा फ्लॅट घेतलाय. हॉल १७ बाय ११ फूट, पश्चिमेला बाल्कनीची ८ फुटी काचेची सरकती दारं. त्याच्या बरोबर समोर, पूर्वेच्या भिंतीवर भिंतभर युनिट करून त्याच्या कोनाड्यात ५५ इंची टीव्ही बसवायचाय, वर सामानाचं कपाट. सुतार म्हणतो, टीव्हीच्या मापाला बोटभर जागा सोडून चौकट करू, छान दिसते. टीव्ही तापेल का? किती जागा सोडायची? आणि संध्याकाळी समोरच्या काचेचा उजेड स्क्रीनवर येईल, त्याचं काय? दक्षिणेची भिंतही रिकामी आहे.

उत्तर:

सुताराला अजून प्लाय कापू देऊ नका. त्याआधी एक छोटं काम करा. घरातला हातात मावेल असा आरसा घ्या आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला, जिथे टीव्हीचा मधला भाग येणार आहे तिथे कुणाला तरी तो भिंतीला सपाट टेकवून धरायला सांगा. तुम्ही सोफ्याच्या जागी खुर्ची टाकून बसा. आरशात बाल्कनीची काच दिसली, तर टीव्ही लावल्यावर तीच काच स्क्रीनमध्ये दिसणार. टीव्हीचे चार कोपरे येतील तिथेही आरसा फिरवून बघा, आणि सोफ्याच्या दोन्ही टोकांवर बसून बघा. दहा मिनिटांत कळतं. मी गेली वीस-बावीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय आणि बसवतोय, तरी अजून भिंत ठरवताना आरसाच वापरतो.

तुमच्या वर्णनावरून पूर्वेच्या भिंतीवर आरसा काय दाखवेल ते मी आत्ताच सांगू शकतो: पूर्ण काच. सोफ्यावर बसलेल्याच्या पाठीमागे खिडकी आणि समोर टीव्ही ही सगळ्यात त्रासाची मांडणी. तापण्याचा आणि उजेडाचा असे तुम्ही दोन प्रश्न वेगवेगळे विचारलेत. माझ्या अनुभवात ते एकमेकांत गुंतलेले असतात, आणि म्हणून उजेडापासून सुरुवात करायची.

होतं काय, ते सांगतो. समोरून उजेड आला की चित्र फिकं दिसतं. मग घरातलं कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट किंवा ब्राइटनेस शंभरावर नेऊन ठेवतं. बऱ्याच टीव्हींमध्ये तर खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर असतो, तो आपणहून बॅकलाइट चढवतो. एलईडी टीव्हीत सगळ्यात जास्त वीज खातो तो हा बॅकलाइटच, म्हणून तो चढला की टीव्ही जास्त वीज खातो आणि जास्त तापतो. रात्री दिवे मंद केले तरी ते सेटिंग कुणी परत खाली आणत नाही. म्हणजे खिडकी चुकीच्या जागी आली की टीव्ही वर्षभर पूर्ण ताकदीवर चालतो, आणि तोच टीव्ही बोटभर जागेच्या चौकटीत कोंबलेला असतो. बॅकलाइटच्या पट्ट्या जळालेले जे टीव्ही माझ्याकडे येतात, त्यांतल्या कित्येकांच्या मालकांना मी घराची मांडणी विचारतो, आणि उत्तर पुष्कळदा हेच असतं.

म्हणून माझा पहिला सल्ला: टीव्ही दक्षिणेच्या भिंतीवर घ्या.

खिडकी टीव्हीच्या समोर नको आणि मागेही नको, बाजूला असावी. समोर असली की ती स्क्रीनमध्ये दिसते. मागे असली की डोळ्यांना एकाच वेळी झगझगीत खिडकी आणि त्यामानाने अंधारी स्क्रीन बघावी लागते, आणि तासाभरात डोळे शिणतात. काटकोनात, बाजूच्या भिंतीला असली की समोर बसलेल्याला तिचं प्रतिबिंब दिसत नाही, कारण प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात पलीकडे निघून जातो. तुमच्या बाबतीत बाल्कनीकडून आलेला उजेड स्क्रीनवरून घसरून पूर्वेकडे जाईल, सोफ्याकडे येणार नाही. सोफ्याचं पूर्वेकडचं टोक मात्र आरशाने नक्की तपासा. कधीकधी तिथे बसणाऱ्याला काचेची एक कड दिसते, मग सोफा फूटभर अलीकडे सरकवला की भागतं.

उत्तरेची भिंत का नको, असं विचाराल. पश्चिमेची खिडकी असेल तर उत्तर आणि दक्षिण भिंतींत फरक पडतो. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य बरोब्बर पश्चिमेला नाही, नैऋत्येच्या बाजूला झुकून मावळतो. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरात मावळतीचा सूर्य पश्चिमेपासून साधारण २५ अंश दक्षिणेला असतो, आणि मावळण्याआधी तास-दीड तास तर त्याहूनही दक्षिणेला. त्यामुळे हिवाळ्यातलं तिरकं ऊन पश्चिमेच्या दारातून आत शिरून उत्तरेच्या भिंतीवर पडतं. टीव्ही तिथे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज संध्याकाळी ऊन थेट स्क्रीनवर. दक्षिणेच्या भिंतीवर असं ऊन उन्हाळ्यातच येऊ शकतं, तेही अगदी घासून जाणाऱ्या कोनात आणि थोडाच वेळ. शिवाय मेमध्ये संध्याकाळी पाचला पश्चिमेचा पडदा कुणी उघडा ठेवत नाही. पावसाळ्यात ढग असतात.

थेट ऊन हा नुसत्या दिसण्याचा प्रश्न नाही, हेही लक्षात ठेवा. स्क्रीन काळी असते, ऊन शोषून घेते आणि पटकन तापते. पॅनेलच्या पुढच्या थरांना रोजचं ऊन सोसत नाही. कालांतराने डाग पडतात, रंग उतरतो. पॅनेल गेलं की दुरुस्ती परवडत नाही, नवा टीव्ही घ्यावा लागतो.

तुमच्या हॉलची रुंदी ११ फूट आहे. दक्षिणेला टीव्ही आणि उत्तरेला सोफा ठेवला तर डोळे आणि स्क्रीन यांच्यात साधारण ८ फूट अंतर राहील. ५५ इंचीसाठी ते चांगलं अंतर आहे. पूर्वेच्या भिंतीवर टीव्ही घेतलात तर १३-१४ फुटांवरून बघावं लागेल आणि मग दोन वर्षांत मोठा टीव्ही हवासा वाटेल.

काही कारणाने पूर्वेची भिंतच घ्यावी लागली, तर दोन उपाय करता येतात. पहिला, बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला बांबूची चीक किंवा जाड रोलर ब्लाइंड लावा आणि आत दाराला अस्तर लावलेला गडद पडदा. बाहेरची चीक महत्त्वाची आहे, कारण ऊन काचेच्या बाहेरच अडतं. आतला पडदा उजेड अडवतो, पण तोपर्यंत उष्णता काचेतून हॉलमध्ये आलेली असते, आणि हॉल तापला की कोनाडा त्याहून जास्त तापतो. दुसरा उपाय, टीव्ही खाली झुकवता येईल असं ब्रॅकेट. आरसा पाच अंश झुकवला की त्यातलं प्रतिबिंब दहा अंश सरकतं. तुमच्या मापाने १७ फुटांवरच्या काचेचं प्रतिबिंब त्यामुळे जवळपास तीन फूट सरकेल. आत्ता डोळ्यांच्या उंचीवरचं आकाश दिसत असेल, तर झुकवल्यावर बाल्कनीचा कठडा किंवा सोफ्याची पाठ दिसेल, आणि त्यांचा उजेड आकाशापेक्षा खूप कमी असतो. पण ५५ इंची टीव्हीची वरची कड पाच अंशांसाठी ६ सेंटिमीटर पुढे येते. बोटभर जागेच्या चौकटीत टीव्ही झुकूच शकत नाही, आणि डावी-उजवीकडे वळवणं तर सोडूनच द्या. कोनाडा घट्ट केला की उजेडावरचा सगळ्यात स्वस्त इलाज आपण स्वतःच बंद करून टाकतो.

आता उष्णतेकडे येतो.

५५ इंची एलईडी टीव्ही चालू असताना साधारण १०० ते १५० वॅट वीज घेतो. तुमच्या टीव्हीचा नेमका आकडा मागच्या लेबलवर मिळेल. शेवटी ही सगळी वीज उष्णताच होते. साधारण निम्मी स्क्रीनच्या बाजूने हॉलमध्ये जाते, निम्मी मागच्या बाजूने बाहेर पडते. म्हणजे तुमच्या कोनाड्यात, टीव्हीच्या पाठीमागे, जुन्या काळचा ६०-७० वॅटचा पिवळा बल्ब रोज चार-पाच तास पेटलेला आहे असं समजा. लाकडी खोक्यात असा बल्ब लावून झाकण बंद केलं तर काय होईल, याची कल्पना तुम्हाला आहेच.

टीव्हीच्या मागच्या कव्हरला खालच्या आणि वरच्या बाजूला फटी असतात. गार हवा खालून आत जाते, गरम होऊन वरून बाहेर पडते. पंखा नसतो, हवेच्या हलकेपणावरच सगळं चालतं. म्हणून आपल्याला फक्त एवढंच बघायचं असतं, की खालून हवा यायला वाट आहे ना, आणि वरून जायला वाट आहे ना. दोन्हींपैकी एक जरी बंद असली तरी दुसरीचा उपयोग नाही. सुतार बहुतेक वेळा बाजूला जाळी लावतात, किंवा मागे प्लायला मधोमध एक गोल भोक पाडतात आणि म्हणतात व्हेंटिलेशन केलं. ते भोक वायरींसाठी ठीक आहे. हवेसाठी खाली एक आणि वर एक अशी जोडी लागते.

किती जागा, याचं उत्तर टीव्हीच्या मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेलं असतं. बहुतेक कंपन्या चारही बाजूंनी किमान १० सेंटिमीटर सांगतात, काही जण वर ३० सुद्धा मागतात. मी बाजूंना आणि खाली १०, वर २०, आणि पाठीमागे भिंतीपासून निदान ५ सेंटिमीटर धरतो. त्याच मॅन्युअलमध्ये हवेचं कमाल तापमानही लिहिलेलं असतं, साधारणपणे ४० अंश. इथे लोकांची गफलत होते. हे ४० अंश हॉलच्या हवेचे नाहीत, टीव्हीच्या भोवतीच्या हवेचे आहेत. मेमध्ये हॉल ३४ वर असेल तर कोनाड्याने फार तर सहा अंशांची भर घालायला हवी. घट्ट चौकट बारा-चौदा अंशांची घालते.

हडपसरच्या एका घरचं उदाहरण सांगतो, कारण त्यांचं युनिट तुम्ही करणार आहात त्याच्यासारखंच होतं. निवृत्त पती-पत्नी, भिंतभर युनिट, मधे ५५ इंची टीव्ही, वर दोन दारांचं कपाट, खाली ड्रॉवर. टीव्ही तीन वर्षांचा आणि बॅकलाइट दुसऱ्यांदा गेलेला. आवाज चालू, स्क्रीन काळी. अशा वेळी खोलीत अंधार करून मोबाइलची टॉर्च स्क्रीनवर तिरकी धरायची. आत चित्र पुसट हलताना दिसलं की पॅनेल ठीक आहे, बॅकलाइट गेलाय. तसंच होतं. मागचं कव्हर उघडलं तर पॉवर बोर्डावरचे दोन कॅपॅसिटर वरून फुगलेले. अशा कॅपॅसिटरचा ढोबळ नियम असा, की दहा अंश जास्त तापमानात आयुष्य निम्मं होतं.

कोनाड्याचं माप घेतलं. टीव्ही १२३ बाय ७१ सेंटिमीटर, कोनाडा १२६ बाय ७४. म्हणजे प्रत्येक बाजूला दीड सेंटिमीटर. खोली १५ सेंटिमीटर. वरच्या फळीला खालून एलईडीची पट्टी लावलेली, तिचा ड्रायव्हर टीव्हीच्या पाठीमागे टाकलेला. खालच्या उघड्या खणात सेट-टॉप बॉक्स, त्याची उष्णता थेट वर. पट्ट्या आणि कॅपॅसिटर बदलून टीव्ही परत बसवला, आणि या वेळी मी तारेला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर आणला होता. माशांच्या टाकीला वापरतात तसला. सेन्सर टीव्हीच्या मागे वरच्या कडेशी चिकटवला, डबी बाहेर ठेवली. अडीच तास टीव्ही चालवला. हॉल ३३, कोनाडा ४७. चौदा अंशांची भर.

काकूंनी स्पष्ट सांगितलं होतं की युनिट तोडायचं नाही, मुलाने हौसेने केलंय. तर कोनाडा आहे तेवढाच ठेवून आम्ही त्याला धुराडं केलं. सुताराला घेऊन कोनाड्याच्या वरच्या फळीत, मागच्या कडेला ११० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद फट कापली. ही फट वरच्या कपाटात उघडते, म्हणून कपाटाच्या आत, भिंतीपासून ६ सेंटिमीटर पुढे प्लायची दुसरी पाठ उभी केली आणि कपाटाच्या छतालाही मागे तेवढीच फट दिली. आता गरम हवा टीव्हीच्या मागून वर, कपाटाच्या दोन पाठींमधल्या पोकळीतून आणखी वर, आणि छताजवळ बाहेर. खालीही फळीला तेवढीच फट कापली, म्हणजे हवा खणातून आत येईल. सेट-टॉप बॉक्स त्या खणातून काढून बाजूच्या उघड्या रॅकवर नेला. एलईडीचा ड्रायव्हर कपाटाच्या वर. कापायच्या आधी घराचा मेन स्विच बंद केला होता, कारण युनिटच्या पाठीमागून वायरी कुठून गेल्यात हे कुणालाच आठवत नव्हतं. खरंच एक वायर फटीपासून चार बोटांवर निघाली.

परत अडीच तास चालवला. हॉल ३४, कोनाडा ४२. चौदाची भर आठवर आली. पण चाळीसच्या वरच. मग बॅकलाइट बघितला: शंभर. त्यांच्याकडेही समोर खिडकी होती, आणि काका दुपारी क्रिकेट बघायचे. खिडकीला अस्तराचा पडदा लावला, बॅकलाइट साठवर आणला, उजेड मोजणारा सेन्सर सेटिंगमधून बंद केला. हॉल ३४ असताना कोनाडा साडेएकोणचाळीस. काका म्हणाले, चित्र आधीपेक्षा चांगलं दिसतंय. दिसणारच, कारण आता स्क्रीनमध्ये खिडकी नव्हती. त्या घरी मला त्यानंतर टीव्हीसाठी बोलावणं आलेलं नाही, आणि याला चार उन्हाळे झाले.

हे सगळं जमवायला सुताराचे दोन दिवस गेले. तुमचं युनिट अजून कागदावर आहे, त्यामुळे तुम्हाला हे फुकटात मिळणार आहे.

तुमच्या सुताराला मी काय सांगेन ते लिहितो. टीव्हीच्या बरोबर वर कपाट करू नका. सामानाची कपाटं टीव्हीच्या दोन्ही बाजूंना उभी घ्या आणि टीव्हीच्या वरची जागा मोकळी ठेवा. वर छप्परच नसेल तर गरम हवेला विचारावं लागत नाही, फटी आणि धुराड्याची गरजच उरत नाही. दिसायला कोनाड्यासारखंच दिसतं, कारण डोळ्याला चौकट बाजूंच्या कपाटांमुळे जाणवते. कपाट वर हवंच असेल तर टीव्हीच्या वरच्या कडेपासून २० सेंटिमीटर सोडा आणि त्याची फळी मागच्या बाजूला भिंतीपासून ५ सेंटिमीटर अलीकडे थांबवा.

कोनाड्याचं माप आजच्या टीव्हीला धरून करू नका. टीव्ही सहा-आठ वर्षांत बदलतो, युनिट पंधरा-वीस वर्षं राहतं. पुढचा टीव्ही बहुधा ६५ इंची असेल, तो साधारण १४५ बाय ८३ सेंटिमीटर भरतो. त्याच्या बाजूंना दहा-दहा सोडले की रुंदी १६५. खाली १० आणि वर २० धरून उंची ११३, ती सोयीसाठी ११५ करा. आज त्यात ५५ इंची लावलात तर भोवती पंज्याएवढी मोकळी जागा दिसेल. तेवढी राहू द्या, आणि मागची पाठ गडद, मॅट लॅमिनेटची करा, म्हणजे मोकळी जागा डोळ्यात भरत नाही. चकचकीत लॅमिनेट टीव्हीच्या मागे किंवा बाजूंना अजिबात नको, त्यात स्क्रीनचा आणि दिव्यांचा उजेड परततो. समोरच्या भिंतीवरच्या ट्यूबलाइटकडेही बघा. संध्याकाळी खिडकीचा प्रश्न संपला की रात्री तीच स्क्रीनमध्ये पांढरी रेघ होऊन दिसते. ट्यूब टीव्हीच्याच भिंतीच्या बाजूला वर घेतली की दिसत नाही.

खोली १२ सेंटिमीटर पुरे. टीव्ही आणि ब्रॅकेट धरून स्क्रीन कोनाड्याच्या कडेच्या थोडी बाहेर यावी. खोल कोनाड्यात स्क्रीन आत गेली की बाजूने बसणाऱ्याला कड आड येते, आणि वरून बाहेर पडणारी गरम हवा पुढच्या फळीला अडकून परत फिरते.

टीव्ही झाकायला पुढे दारं हवीत असं कधीकधी घरच्यांना वाटतं. सरकती किंवा घडीची लाकडी दारं चालतील, फक्त टीव्ही चालू असताना ती पूर्ण उघडी असली पाहिजेत. काचेची दारं घेऊ नका. बंद काचेमागून टीव्ही बघायची सवय लागते, हवा कोंडते, आणि स्क्रीनच्या प्रतिबिंबावर काचेचं दुसरं प्रतिबिंब येतं.

फटींना जाळी लावायची असेल तर डासांची बारीक जाळी नको. तिने निम्मी हवा तिथेच अडते, आणि सहा महिन्यांत धुळीने ती वाकळीसारखी भरते. तीन-चार मिलिमीटर भोकांचा छिद्रांचा पत्रा घ्या आणि फट त्या मानाने मोठी ठेवा, कारण पत्र्याचं निम्मं अंग बंदच असतं. जाळीशिवाय पाली आत जातात ही लोकांची भीती खरी आहे, पॉवर बोर्डावर चिकटून मेलेली पाल मी किती वेळा काढलीय. पण पाल येते उबेला आणि किड्यांना. मोकळ्या, हवेशीर कोनाड्यात ती कमी थांबते, आणि दर दोन-तीन महिन्यांनी टीव्ही बंद करून, प्लग काढून, मागच्या फटींवरून कोरडा मऊ ब्रश फिरवला तर तेही दिसतं. व्हॅक्यूम क्लिनरने फुंकू नका, धूळ आत जाते.

पंखा लावू का, असं बऱ्याच जणांचं विचारणं असतं. वर सांगितलेली जागा असेल तर नको. हडपसरसारखं बंद युनिट आधीच असेल आणि कापायला मुभा नसेल, तर कॉम्प्युटरचा १२० मिलिमीटरचा, पाच व्होल्टवर यूएसबीने चालणारा एक पंखा वरच्या एका कोपऱ्यात, हवा बाहेर ओढेल असा लावायचा. हवा आत यायची वाट त्याच्या तिरक्या समोर, खालच्या दुसऱ्या कोपऱ्यात हवी, म्हणजे ती टीव्हीच्या संपूर्ण पाठीवरून जाते. टीव्हीच्या यूएसबीला जोडला तर बहुतेक टीव्हींमध्ये टीव्हीबरोबर चालू-बंद होतो. फक्त पंख्यावर लिहिलेला अँपियरचा आकडा टीव्हीच्या यूएसबीच्या आकड्यापेक्षा, म्हणजे साधारण ०.५ पेक्षा, कमी आहे ना ते बघा. टीव्हीच्या पाठीवर वारा मारणारा पंखा लावू नका, तो नुसती धूळ आत ढकलतो.

टीव्ही बसल्यावर मी सांगितलेला थर्मामीटर एकदा लावून बघा. ऑनलाइन किंवा मत्स्यपालनाच्या दुकानात स्वस्तात मिळतो. एप्रिलच्या एखाद्या दुपारी, एसी बंद ठेवून, अडीच-तीन तास टीव्ही चालवा आणि हॉलचा आणि टीव्हीच्या मागच्या वरच्या कडेचा आकडा लिहून ठेवा. फरक पाच-सहा अंशांच्या आत असेल तर काही करायचं नाही. आठ-नऊ आला तर बॅकलाइट आणि पाठीमागच्या वस्तू बघा: सेट-टॉप बॉक्स, राउटर, स्टॅबिलायझर, एलईडीचा ड्रायव्हर, यांतलं काहीतरी तिथे लपवलेलं सापडतं. दहाच्या वर गेला तर कुठेतरी हवेची वाट बंद आहे. थर्मामीटर नसेल तर तीन तासांनी टीव्हीच्या वरच्या कडेवर, मागच्या बाजूने तळहात ठेवा. कोमट लागलं तर ठीक. हात पाच सेकंद ठेवावासा वाटला नाही, तर ते बरोबर नाही.

दक्षिणेच्या भिंतीचं ठरलं तर इलेक्ट्रिशियनला आजच सांगा, कारण पॉइंट बहुधा पूर्वेच्या भिंतीवर निघालेले असतील. प्लगचे पॉइंट टीव्हीच्या मधोमध मागे नको, एका बाजूला सरकवून घ्या, म्हणजे ब्रॅकेटला आणि हवेला आड येणार नाहीत. आणि टीव्हीच्या मागून बाजूच्या कपाटापर्यंत दोन इंची पाइप भिंतीतून टाकून ठेवा, एचडीएमआयचा प्लग त्यातून सहज जातो. पाइपाला काटकोनी एल्बो देऊ देऊ नका, लांब वळण द्यायला सांगा, आणि आत ओढायला एक तार सोडून ठेवायला सांगा. सेट-टॉप बॉक्स आणि राउटर त्या कपाटाच्या उघड्या खणात राहतील.